प्रोसिडिंगच्या नोंदी: चार भाषांतली सभा, एका भाषेतलं इतिवृत्त

१२ जुलै २०२५, शनिवार, रात्री

आज आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीच्या संचालक मंडळाची सभा झाली. दहापैकी सात संचालक हजर होते. उत्पादक कंपनीला एक तृतीयांश आणि कमीत कमी तीन जणांची गणपूर्ती लागते, म्हणजे आम्हाला चार पुरेसे होते. चोपड्याकडचे नाना अहिराणीत बोलले, रावेरच्या ताई त्यांच्या लेवा बोलीत, बुऱ्हाणपूरहून येणारे भाईसाहब हिंदीत. पुण्याचे सीए सल्लागार आहेत, संचालक नाहीत, पण हिशेबाच्या विषयांना त्यांना बोलावतो. ते निम्मं इंग्रजीत बोलले. अध्यक्ष अप्पा सगळ्यांशी ज्याच्या त्याच्या भाषेत बोलतात. सभेत कुणालाच काही अडत नाही, कारण केळीच्या धंद्यात रावेर-बुऱ्हाणपूर रोजचं येणंजाणं आहे. अडतं ते मला, त्याचं मराठी इतिवृत्त लिहायला बसल्यावर.

या नोंदी लिहायला घेतल्या त्याचं कारण एप्रिलच्या सभेत आहे. तेव्हा मी लिहिलं होतं, "कोल्ड रूमच्या कंप्रेसरसाठी कोटेशन मागवण्याचे ठरले." आज अप्पांनी विचारलं, कोटेशन कुठे आहेत? सीईओ साहेबांना वाटत होतं, भाईसाहब मागवणार. भाईसाहबांना वाटत होतं, ऑफिस मागवणार. तीन महिने गेले. जूनमध्ये दोन दिवस खोली सोळा अंशांवर गेली आणि परदेशी जायचा एक गाडी माल रंग धरायला लागला म्हणून जवळच्या बाजारात उतरवावा लागला. माझ्या "ठरले" या शब्दात कोण ते कुठेच नव्हतं. अप्पा एवढंच म्हणाले, "या खेपेला प्रत्येक कामासमोर नाव आणि तारीख पाहिजे." तेवढं काम मनावर घेतलं आहे.

आज टिपणं घेताना एक गोष्ट बदलली. जो ज्या भाषेत बोलला, त्याच भाषेत लिहिलं. मनातल्या मनात मराठी करत बसलं की पुढचं वाक्य निसटतं आणि ते मराठी माझ्या अंदाजाचं असतं. पानाच्या डाव्या बाजूला बोलणाऱ्याची खूण, मधे त्याचे शब्द, उजवीकडे तीन बोटं कोरी जागा. अप्पांच्या परवानगीने फोनवर रेकॉर्डिंगही ठेवलं, फक्त ताडून बघायला. पंख्याच्या आवाजात दोघं एकदम बोलले की त्यातून काही कळत नाही, त्यामुळे हातची टिपणंच खरी.

अकरा पानं भरली आहेत. अर्धवट शब्द आठवतंय तोवर पूर्ण करून ठेवले आणि वही मिटली. मराठी उद्यापासून.

१३ जुलै, रविवार

आज उजवीकडच्या कोऱ्या जागेत खुणा केल्या. "ठ" म्हणजे ठराव, "का" म्हणजे कुणीतरी करायचं काम, "मा" म्हणजे नुसती माहिती, "वि" म्हणजे विरोध. अजेंड्यावर सहा विषय होते, पण बोलणं त्या क्रमाने झालं नाही. कंप्रेसरचा विषय तीन वेळा निघाला, त्यातला एकदा तर चहाच्या वेळी. इतिवृत्त विषयाप्रमाणे लावायचं असतं, घड्याळाप्रमाणे नाही. म्हणून तिन्ही ठिकाणचं बोलणं विषय चारखाली आणलं.

"का"ची खूण नऊ ठिकाणी पडली. त्यातल्या चार कामांना करणारा स्पष्ट आहे. पाच कामांना नाही.

एक अडचण मात्र भाषेची नव्हती, माझ्या घाईची होती. पान सातवर मी "१३ वर टिकत नाही" असं लिहिलंय आणि दोन ओळींखाली "१३ चा परवडत नाही". पहिलं तापमान आहे. केळी साधारण तेरा अंशांवर ठेवतात. त्याच्या खाली गेलं की सालीला थंडी लागते, ती काळपट पडते आणि नंतर रंग नीट धरत नाही. वर गेलं की माल पिकायला लागतो. दुसरा तेरा म्हणजे तेरा किलोचा बॉक्स, आखाती देशांकडे माल जातो त्याचा. एकक न लिहिल्यामुळे दोन्ही तेरा सारखे दिसतात. रेकॉर्डिंग ऐकून सोडवलं. पुढच्या सभेपासून आकड्यापुढे अंश, किलो, रुपये, क्विंटल यातलं काहीतरी तिथल्या तिथे लिहायचं.

१४ जुलै, सोमवार

आज दिवसभर एका वाक्यापाशी होते. भाईसाहब म्हणाले होते, "हम तीन पार्टी से कोटेशन मँगवा लेंगे।"

हिंदीत हे पूर्ण वाक्य आहे. मराठीत करताना मला निवडावं लागतं. बुऱ्हाणपूरकडे माणूस स्वतःबद्दलही "हम" म्हणतो, तेव्हा त्याचं मराठी "मी मागवून घेईन". ते आणि त्यांची ओळखीची मंडळी असं असेल तर "आम्ही". समोर बसलेल्या सगळ्यांना धरून, म्हणजे कंपनी, असं असेल तर "आपण". मराठीत आम्ही आणि आपण वेगळे आहेत, ऐकणारा आत की बाहेर ते कळतं. "हम" मध्ये तिघंही मावतात, आणि क्रियापद तिन्ही वेळा "लेंगे" च राहतं. एप्रिलमध्ये मी या पेचातून "ठरले" लिहून बाहेर पडले होते. कर्ता काढून टाकला की वाक्य चुकत नाही, पण काम कुणाचंच राहत नाही.

म्हणून फोन केला. "तुम्हीच मागवणार होतात ना?" असं विचारायचं नाही, हे आधीच ठरवलं होतं. तसं विचारलं की माणूस भिडेने हो म्हणतो किंवा अंग चोरतो. त्यांचं वाक्य त्यांच्याच शब्दांत वाचून दाखवलं आणि विचारलं, "भाईसाहब, इसमें काम किसके नाम लिखूँ?"

ते म्हणाले, "मेरे नाम मत लिखो बेटा. कोटेशन ऑफिस मँगवाएगा. मैं तीनों के नंबर दे दूँगा।"

एका वाक्यातून दोन कामं निघाली. नंबर देणं भाईसाहबांचं, कोटेशन मागवणं ऑफिसचं. सीईओ साहेबांना सांगितलं, त्यांनी मान्य केलं आणि ३१ जुलै तारीख दिली.

पण इथे मी थांबले. सभेत ना साहेबांचं नाव निघालं होतं, ना ३१ जुलै. इतिवृत्त म्हणजे सभेत जे झालं ते. सोमवारी फोनवर जे ठरलं ते शनिवारच्या सभेत झालं असं मी लिहू शकत नाही, ते कितीही सोयीचं असलं तरी. अप्पांशी बोलून असं केलं: इतिवृत्तात "तीन पुरवठादारांकडून कोटेशन मागवावे असे मंडळाने ठरवले" एवढंच. त्याला जोडून कामांची वेगळी यादी, त्यात नाव आणि तारीख, आणि ज्या कामाचं नाव सभेनंतर पक्कं झालं त्यापुढे "सभेनंतर निश्चित, अध्यक्षांच्या संमतीने" अशी नोंद. यादी दर आठवड्याला बदलता येते. इतिवृत्त एकदा वहीत गेलं की बदलायला पुढच्या सभेत मंडळाची मंजुरी लागते. दोन्ही कागदांचं आयुष्य वेगळं आहे, म्हणून ते वेगळे ठेवलेले बरे.

याच विषयात "परसों" होता. माझी ओळ आहे: "परसों – कंप्रेसरवाला – बात". चौदा तारखेला बोलणार की दहा तारखेला बोलणं झालं? हिंदीत कल आणि परसों दोन्ही बाजूंना चालतात, आपला परवाही तसाच. मागचा की पुढचा ते फक्त क्रियापद सांगतं, आणि मी घाईत नेमकं क्रियापदच गाळलं. रेकॉर्डिंगमध्ये निघालं "परसों बात हुई थी", म्हणजे दहा तारीख, गुरुवार, आणि हे काम नसून माहिती होती. "का" खोडून "मा" केलं. भाईसाहबांच्या वाक्यातून एक काम वाढलं होतं, ते इथे कमी झालं, म्हणून कामं नऊच राहिली. यापुढे टिपणात नाम गाळेन, विशेषण गाळेन, क्रियापद गाळणार नाही. आणि पक्क्या इतिवृत्तात उद्या, परवा, पुढच्या आठवड्यात असलं काहीच नको, सरळ तारीख.

१५ जुलै, मंगळवार

ताईंचं वाक्य: "करप्याचा रिपोर्ट बुधवारी पाठवीन."

सरळ वाटलं, ताई पाठवणार. यादीत त्यांचं नाव लिहिलंही. मग आठवलं की आमच्याकडे जळगाव-भुसावळपासून वर रावेरपर्यंत "तो येईन", "ती करीन" असं सर्रास म्हणतात. पुस्तकी मराठीत पाठवीन म्हणजे मी आणि पाठवील म्हणजे तो किंवा ती. या बोलीत दोन्हीला पाठवीन. कर्ता मागच्या वाक्यात असला की या वाक्यात तो उच्चारतच नाहीत.

मागचं वाक्य शोधलं. ताई आधी गावात पानं तपासायला आलेल्या शेती पदवीधर मुलाबद्दल बोलत होत्या. फोन केला तर तसंच निघालं, रिपोर्ट तो मुलगा पाठवणार. "माझं नाव टाकलं असतं तर मी बुधवारी काय पाठवलं असतं गं?" ताई म्हणाल्या. पण तो मुलगा ना संचालक, ना कंपनीचा नोकर. त्याच्या नावावर मंडळ काम कसं टाकणार? म्हणून काम ताईंच्याच नावावर राहिलं, शब्द बदलून: "रिपोर्ट मिळवून ऑफिसला पोचवणे, १६ जुलै." ताईंना ते पटलं.

हे मी इथलीच असून चुकत होते. हिंदी-इंग्रजी परकी म्हणून आपण सावध असतो. मराठीच्या जवळची बोली असली की कान आपोआप तिला पुस्तकी करून घेतो, आणि चूक झाल्याचं कळतही नाही.

१६ जुलै, बुधवार

रिपोर्ट दुपारी आला. यादीतलं पहिलं काम पूर्ण.

आजचा विषय नानांचा. केळीच्या घडावर घालायच्या स्कर्टिंग बॅग सभासदांना उधारीवर द्यायचा ठराव होता. नाना म्हणाले, "देखसूत, देखसूत." अप्पा म्हणाले, "चला, सगळ्यांची संमती." माझ्या टिपणात "एकमताने मंजूर".

"देखसूत" म्हणजे शब्दशः बघू. नानांना मी लहानपणापासून ओळखते. त्यांच्या तोंडी तो होकार नसतो, समोरच्याचा मान राखून दिलेला नकार असतो. पण माझी ओळख हा काही पुरावा नाही. रेकॉर्डिंग चार वेळा ऐकलं. चौथ्यांदा, खुर्ची सरकल्याच्या आवाजाखाली, पुढचे शब्द सापडले: "पन आते नको." त्याआधी मागच्या वर्षीची उधारी अजून वसूल झालेली नाही, हेही ते बोलले होते आणि ते माझ्या वहीत होतं.

संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर गेले. वाक्य वाचून दाखवलं आणि विचारलं, नाना, हे कसं लिहू? ते लगेच म्हणाले, "मन्हं नाव लिखी ठेव." विरोध करणाऱ्याचं नाव इतिवृत्तात यायलाच हवं. उद्या उधारी बुडाली तर तो ठराव कुणी मान्य केला आणि कुणी नाही, हे याच पानावरून बघतात. अप्पांना रेकॉर्डिंग ऐकवलं. त्यांनी दोनदा ऐकलं आणि म्हणाले, "माझ्या कानावर पडलंच नाही ते. लिही."

नाना सभेत गप्प राहिले असते आणि आज ओट्यावर विरोध सांगितला असता, तर मी तो लिहिला नसता. शब्द सभेत बोलले गेले होते, म्हणूनच ते पानावर आले.

१७ जुलै, गुरुवार

सीए साहेब लेखापरीक्षकांच्या फीबद्दल म्हणाले होते, "लेट्स टेबल धिस." मी "विषय मांडला" असं लिहून ठेवलं होतं. इंग्रजीत त्याचा अर्थ देशागणिक उलटा होतो: ब्रिटिश रिवाजाने टेबल करणं म्हणजे चर्चेला घेणं, अमेरिकन रिवाजाने बाजूला ठेवणं. विचारलं, त्यांना पुढे ढकलणं म्हणायचं होतं. "विषय पुढील सभेपर्यंत तहकूब" असं केलं.

१८ जुलै, शुक्रवार

मसुदा तयार झाला. सभा संपल्यापासून पंधरा दिवसांत तो सगळ्या संचालकांकडे जायला हवा, म्हणजे २७ जुलै ही शेवटची तारीख होती. आज पाठवला. अकरा पानांची साडेतीन झाली.

भाषेचा नियम एकच पाळला. चर्चा तृतीय पुरुषात आणि भूतकाळात, ठराव वर्तमानकाळात. चर्चा होऊन गेलेली असते. ठराव त्या दिवसापासून लागू असतो. कोण काय म्हणालं याची गोष्ट सांगत बसले नाही, निर्णय आणि त्यामागची कारणं ठेवली. विषय पाच असा झाला:

> नवती बागांसाठी स्कर्टिंग बॅग उधारीवर देण्याच्या प्रस्तावावर चर्चा झाली. मागील वर्षाच्या उधारीची वसुली अपूर्ण असल्याकडे चोपडा गटाच्या संचालकांनी लक्ष वेधले.
>
> ठराव क्र. ५: सभासदांना स्कर्टिंग बॅग ९० दिवसांच्या उधारीवर देण्यास मंडळ मंजुरी देत आहे. प्रति सभासद उधारीची मर्यादा १०,००० रुपये राहील.
>
> सहा विरुद्ध एक मताने मंजूर. चोपडा गटाच्या संचालकांनी वसुलीच्या कारणावरून विरोध नोंदवला.

(वहीत अर्थातच "चोपडा गटाचे संचालक" ऐवजी नानांचं पूर्ण नाव आहे.)

"नवती" हा शब्द तसाच ठेवला. नव्या लागवडीची बाग असं लिहिता आलं असतं, पण नवती, पिलबाग, कांदेबाग हे शब्द इथे चारही भाषांत तसेच बोलतात. जो शब्द सगळ्यांना एकाच अर्थाने कळतो, त्याचं मराठी करण्यात काही मिळत नाही.

कामांच्या यादीतली एक ओळ नमुन्यादाखल:

> काम ३. कंप्रेसर दुरुस्ती व नवीन कंप्रेसर, दोन्हींचे कोटेशन तीन पुरवठादारांकडून मागवणे. जबाबदारी: सीईओ. मुदत: ३१ जुलै २०२५. पूर्ण कधी समजायचे: तिन्ही कोटेशन ऑफिसच्या फाइलमध्ये. (नाव व मुदत सभेनंतर निश्चित, अध्यक्षांच्या संमतीने.)

"पूर्ण कधी समजायचे" हा रकाना सीईओ साहेबांनी सुचवला. नुसतं "मागवणे" लिहिलं तर फोन करूनही काम झालं असं म्हणता येतं.

मसुदा मराठीतच पाठवला. भाईसाहबांना मराठी वाचता येतं, पण कंटाळा करतात. त्यांच्या तीन ओळी फोनवर वाचून दाखवल्या.

२५ जुलै, शुक्रवार

सूचनांसाठी सात दिवस होते, आज संपले. तीन आल्या.

ताईंनी गावाचं नाव दुरुस्त केलं. ते लगेच केलं. साहेबांनी कळवलं की उधारीची मुदत नव्वद दिवस की तीन महिने यावर सभेत दोन्ही शब्द आले होते. वही बघितली, खरं होतं. ठराव वाचून दाखवताना अप्पांनी नव्वद दिवस म्हटलं होतं, म्हणून तेच ठेवलं.

तिसरी सूचना अवघड होती. एका संचालकांनी लिहिलं की त्यांनी उधारीला पाठिंबा "वसुलीची हमी असल्यास" या अटीवर दिला होता, तेवढं घालावं. वहीत अट नाही, रेकॉर्डिंगमध्ये नाही. मसुद्यात नानांचा विरोध वाचून त्यांना तसं वाटलं असावं, आणि वाटण्यात काही वावगंही नाही. पण ती नोंदीतली चूक नाही, नंतर बदललेलं मत आहे. मी स्वतः नाही म्हटलं नाही, ते माझं काम नव्हे. दोन्ही कागद अप्पांसमोर ठेवले. अप्पांनी त्यांना फोन केला: "भाऊ, तुमचा मुद्दा पुढच्या सभेच्या अजेंड्यावर घेतो. या सभेत तो झाला नव्हता." त्यांनी मान्य केलं.

३० जुलै, बुधवार

इतिवृत्त वहीत उतरवलं. तीस दिवसांची मुदत ११ ऑगस्टला संपते. छापील कागद वहीत चिकटवायचा नसतो, म्हणून क्रमांक घातलेल्या पानांवर हाताने लिहिलं. अप्पांनी प्रत्येक पानावर लघुस्वाक्षरी केली, शेवटच्या पानावर सही आणि तारीख.

बँकेला एका ठरावाची इंग्रजी प्रत हवी होती. ती मराठी ठरावावरून केली, टिपणांवरून नाही, आणि खाली लिहिलं की फरक आढळल्यास मराठी मूळ ग्राह्य. टिपणांकडे परत गेले असते तर त्याच सभेची दोन वेगळी इतिवृत्तं तयार झाली असती.

१ ऑगस्ट, शुक्रवार

यादी बघितली. नऊपैकी सात कामं पूर्ण, एकाची मुदत १५ ऑगस्ट. कंप्रेसरची दोन कोटेशनं फाइलमध्ये आहेत, तिसरं नाही. साहेब बाहेरगावी होते, म्हणून मीच भाईसाहबांना विचारलं की तिसऱ्या पार्टीचा नंबर लागतो का बघा.

"अरे, वो तो हमने मँगवा लिया, कल आ जाएगा।"

मी वही उघडली आणि विचारलं, "हमने मतलब आपने? और कल मतलब दो तारीख?"

"जी. मैंने. दो तारीख को।"

तसंच लिहून घेतलं.